क्लबफूट आणि दर आठवड्याचं प्लास्टर: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लबफूटच्या ओपीडीत आणि फोनवर पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पोन्सेटी पद्धतीला, म्हणजे दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं वळवून तिथेच प्लास्टर लावण्याच्या पद्धतीला, धरून आहेत. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी ती विकसित केली आणि आज जगभर हीच पहिली पसंती आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बाळाचं पाऊल जन्मतःच आत वळलेलं आहे. हा क्लबफूटच आहे हे कसं ओळखायचं?

नुसतं बघून ठरवू नका, पाऊल हातात घ्यावं लागतं. पोटात अवघडून राहिल्यामुळे काही बाळांचं पाऊल आत वळलेलं दिसतं, पण ते मऊ असतं. एका बोटाने हलकंच ढकललं तर सरळ होतं, आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला गुदगुल्या केल्या तर बाळ स्वतःच ते बाहेर वळवतं. काही बाळांचा फक्त चवडा आत वळलेला असतो, पण घोटा वर-खाली अगदी मोकळा हलतो. हे दोन्ही क्लबफूट नव्हेत.

क्लबफूटमध्ये पाऊल ताठर असतं आणि ढकलूनही मधल्या रेषेपर्यंत येत नाही. नवजात बाळाचं पाऊल एरवी वर दुमडलं की जवळजवळ नडगीला टेकतं, इथे मात्र ते काटकोनापर्यंतही येत नाही. टाचेच्या मागे आणि तळव्याच्या आतल्या कडेला खोल घडी दिसते. टाच लहान वाटते आणि दाबली तर पोकळ लागते, कारण टाचेचं हाड वर ओढलं गेलेलं असतं. पोटरीही दुसऱ्या पायापेक्षा बारीक असते. तपासताना डॉक्टर बाळाची पाठ आणि बाकीचे सांधे पाहतात ते का, हे प्रश्न १४ मध्ये आहे.

२. असं का झालं? ग्रहणात काही कापलं म्हणून, की सोनोग्राफीमुळे?

दोन्हींमुळे नाही. हा प्रश्न बहुतेक वेळा आई एकटी असताना, दबक्या आवाजात विचारते, म्हणून स्पष्टच सांगतो: आईने काही केल्यामुळे किंवा न केल्यामुळे क्लबफूट होत नाही. साधारण हजार जन्मांत एका बाळाला तो असतो, मुलग्यांमध्ये मुलींच्या दुप्पट, आणि जवळपास निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वाकडे असतात. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे, पण बहुतेक घरांत आधी कोणालाच नव्हता असंच आढळतं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत तो बरेचदा दिसतो. सोनोग्राफीने तो फक्त कळतो, होत नाही.

३. डॉक्टर म्हणाले पायात चार दोष आहेत. नेमके कोणते?

पहिला दोष कमानीचा. अंगठ्यामागचं लांब हाड खाली झुकलेलं असतं, त्यामुळे तळव्याची कमान नको तितकी खोल होते. दुसरा चवड्याचा, म्हणजे पावलाचा पुढचा भाग शरीराच्या मधल्या रेषेकडे वळलेला असतो. तिसरा, टाच आतल्या बाजूला कललेली असते. चौथा, घोटा खाली खेचलेला असतो, म्हणजे टाच वर आणि बोटं खाली.

हे चार सुटे दोष वाटतात, पण पहिले तीन एकाच हालचालीत अडकलेले आहेत. घोट्यात टॅलस नावाचं हाड नडगीच्या खालच्या टोकांमध्ये घट्ट बसलेलं असतं. त्याच्याखालचं टाचेचं हाड आणि पुढची लहान हाडं मिळून एक गट म्हणून त्याच्याभोवती फिरतात. क्लबफूटमध्ये हा अख्खा गट आत फिरून तिथेच अडकलेला असतो, आणि आतल्या बाजूचे बंध जाड व आखूड असतात. म्हणून टाच वेगळी आणि चवडा वेगळा सरळ करता येत नाही. गट जसा आत गेला तसाच एकत्र बाहेर आणावा लागतो. चौथा दोष मुख्यतः टाचेमागच्या आखूड शिरेमुळे, म्हणजे रक्ताच्या नाही तर पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या शिरेमुळे असतो आणि त्याची पाळी सर्वांत शेवटी येते. पुढची सगळी उत्तरं या क्रमावरच उभी आहेत.

४. तेल लावून रोज मालीश केली, हाडवैद्याकडे नेलं, तर सरळ होणार नाही का?

प्रश्न १ मधलं मऊ पाऊल होईल, ते तसंही आपोआप होतंच. खरा क्लबफूट होणार नाही. बाळाचे बंध हळुवार ताणले की सैल होतात, पण जे मिळवलं ते आठवडाभर धरून ठेवावं लागतं. हात सोडला की पाऊल परत जातं. शिवाय पाऊल आत वळलेलं दिसतं म्हणून घरात तळवा बाहेरच्या बाजूला पिळला जातो, आणि त्याने नेमकी कमान अधिक खोल होते (प्रश्न ६).

५. प्लास्टर कधी सुरू करायचं आणि कुठे?

जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू करता आलं तर उत्तम. पण ही मध्यरात्री धावत जाण्याची गोष्ट नाही. बाळ काचेच्या पेटीत असेल, कावीळ असेल, वजन वाढत नसेल तर ते आधी. महिन्याभराने सुरू केलं म्हणून संधी गेली असं होत नाही. मोठ्या मुलांबद्दल प्रश्न १४ पाहा.

जन्मजात दोष लवकर शोधण्यासाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत क्लबफूट आहे. त्यामुळे आशाताई, अंगणवाडी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी मिळते. सरकारी असो वा खासगी, एकच गोष्ट विचारा: इथे दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी क्लबफूटची बाळं येतात का? रोज हात लागलेल्या माणसाच्या प्लास्टरमध्ये आणि अधूनमधून करणाऱ्याच्या प्लास्टरमध्ये फार फरक पडतो.

६. पहिलं प्लास्टर लावलं आणि पाऊल आधीपेक्षा जास्तच वर-आत वळलेलं दिसतंय. चुकलं का?

नाही, बहुधा बरोबर झालंय. पहिल्या प्लास्टरचं काम फक्त कमानीचं असतं. अख्खं पाऊल आत वळलेलं असलं तरी चवडा टाचेइतका वळलेला नसतो. अंगठ्याकडची बाजू खाली झुकलेली असते आणि त्या फरकामुळे कमान खोल होते. म्हणून डॉक्टर अंगठ्यामागचं हाड वर उचलतात, म्हणजे चवडा टाचेच्या रेषेत येतो. तसं केल्यावर तळवा आकाशाकडे बघू लागतो आणि आजीचा जीव खालीवर होतो. पण कमान भरून आल्याशिवाय पाऊल एक होऊन बाहेर फिरू शकत नाही. बहुतेक बाळांची कमान या एका प्लास्टरात नीट होते, फार ताठर पायाला दुसरं लागतं.

याउलट, पहिल्याच भेटीत कोणी तळवा जमिनीकडे पिळून ‘सरळ’ करून दाखवला, तर ते प्लास्टर पुढची वाट अडवतं.

७. मग दर आठवड्याला नेमकं काय करतात? एखाद्या बाळाचं उदाहरण देऊन सांगाल का?

ओपीडीत नेहमी दिसणारं एक बाळ धरू. बारा दिवसांचा मुलगा, फक्त उजवा पाय. फाइलवर लिहिलंय ‘पिराणी ५.५’. या मोजणीत सहा खुणा पाहतात: तीन पावलाच्या मधल्या भागाच्या, तीन टाचेकडच्या. प्रत्येकीला ०, अर्धा किंवा एक गुण. म्हणजे सहा सर्वांत वाईट आणि शून्य सरळ पाऊल. या बाळाचे मधल्या भागाचे ३ आणि टाचेचे २.५ आहेत.

पहिल्या भेटीत वर सांगितल्याप्रमाणे कमान. आठवड्याने प्लास्टर काढलं तर तळव्याची घडी उथळ झालेली आणि कमान भरलेली.

दुसऱ्या भेटीपासून खरी फिरवाफिरवी. बाहेरच्या घोट्याच्या किंचित पुढे बोटाला एक टणक उंचवटा लागतो, ते टॅलसचं डोकं. डॉक्टर तिथे अंगठा स्थिर ठेवतात आणि दुसऱ्या हाताने पाऊल हळूहळू बाहेर नेतात. जोर अगदी थोडा, साधारण मिनिटभर. बाळ दूध पीत असतं आणि बरेचदा रडतही नाही. ते कळवळून रडत असेल तर जोर जास्त होतोय असं मी मानतो. जिथवर पाऊल सहज आलं तिथेच धरून पातळ कापूस आणि त्यावर प्लास्टर, आधी गुडघ्याखाली, मग मांडीपर्यंत.

दुसऱ्या प्लास्टरनंतर या बाळाचं पाऊल आत कमी वळलेलं होतं. तिसऱ्यानंतर ते नडगीच्या रेषेत आलं, चौथ्यानंतर बाहेर तीसेक अंश, पाचव्यानंतर साठच्या पुढे. टॅलसचं डोकं आता बोटाला लागेना, कारण पुढचं हाड त्यावर येऊन बसलं होतं. आणि टाच, जिला पाच आठवड्यांत कोणी हातही लावला नाही, ती आतून मधे आणि मधून किंचित बाहेर आली. मधल्या भागाचे गुण ०.५ वर उतरले, टाचेचे मात्र १.५ वरच अडले, कारण घोटा अजून वर येत नव्हता. याचा अर्थ पहिले तीन दोष गेले, चौथा राहिला (प्रश्न १०).

बहुतेक बाळांना अशी पाच ते सात प्लास्टर लागतात. आठ-नऊ होऊनही पाऊल हलत नसेल तर प्लास्टरची संख्या वाढवत बसण्याऐवजी तंत्र तपासायला हवं.

८. टाच एवढी वर आहे, तर आधी टाचच का नाही ओढत?

अनेक दशकं तसंच काहीसं करत, आणि पाय पूर्ण सरळ होत नसत. बाहेरच्या कडेला, पावलाच्या मधोमध अंगठा ठेवून चवडा वळवत. त्या जागी दाब दिला की टाचेचं हाड अडकून राहतं आणि टॅलसखाली फिरूच शकत नाही. टाच हातात घट्ट धरली तरी तेच. पोन्सेटींनी अंगठा दीड-दोन सेंटिमीटर सरकवून टॅलसवर ठेवला, आणि हाच सगळ्यात मोठा फरक.

घोटा आधी वर ढकलण्यात आणखी एक धोका आहे. टाच अडकलेली असताना चवडा वर रेटला तर पाऊल घोट्यात न वाकता मधेच मोडल्यासारखं वाकतं. तळवा फुगीर, होडीच्या बुडासारखा होतो. वरून पाऊल काटकोनात आलेलं दिसतं, पण टाच दाबली की अजून पोकळच लागते. एक्स-रे न काढताही यावरून चूक ओळखता येते.

९. प्लास्टर मांडीपर्यंत कशाला? गुडघ्याखाली, आणि हलकं फायबरचं चालणार नाही का?

गुडघ्याखालचं चालणार नाही. पाऊल बाहेर फिरवून धरायचं तर वरची नडगी स्थिर हवी, आणि ती गुडघा काटकोनात दुमडून मांडीपर्यंत प्लास्टर घेतलं तरच राहते. शिवाय बाळाचा पाय गुबगुबीत आणि निमुळता असतो, लहान प्लास्टर दोन दिवसांत घसरतं. पांढरं साधं प्लास्टर टाचेभोवती आणि टॅलसवर बोटांनी नीट घडवता येतं, म्हणून बहुतेक ठिकाणी तेच वापरतात.

प्लास्टर आदल्या रात्री घरी काढून येऊ नका. बारा तास मोकळं राहिलेलं पाऊल मिळवलेलं थोडं गमावतं. भिजवायला सांगितलं असेल तर निघण्याआधी सकाळी, आणि सोडायचं दवाखान्यातच.

१०. पाच प्लास्टर झाली, आता शीर कापायची म्हणतात. इतक्या लहान बाळाची शीर कापायची?

हा टप्पा दहातल्या आठ-नऊ पायांना लागतो. तो लागला म्हणजे प्लास्टर फसलं असं मुळीच नाही. पावलाचे बंध ताणले की सैल होतात, पण टाचेमागची शीर जाड, घट्ट तंतूंची असते आणि तशी ताणली जात नाही. पाऊल साठ अंशांपर्यंत बाहेर आलं आणि तरीही काटकोनाच्या वर १५ अंश उचललं जात नसेल, तर शीर मोकळी करतात.

बहुतेक ठिकाणी तिथली जागा बधिर करून, टाचेच्या वर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर बारीक पात्याने हे करतात. टाका लागत नाही. शीर सुटली की घोटा लगेच १५ ते २० अंश वर येतो. मग त्या स्थितीत शेवटचं प्लास्टर, आणि ते तीन आठवडे राहतं. तेवढ्यात शिरेची दोन टोकं नव्या तंतूंनी जोडली जातात, आता पुरेशा लांबीने. प्लास्टरवर रुपयाएवढा रक्ताचा डाग चालतो. त्याभोवती पेनाने रेघ मारून ठेवा, आणि डाग रेघेबाहेर पसरत गेला तर लगेच जा.

प्रश्न ७ मधलं बाळ साधारण दहा आठवड्यांचं असताना या प्लास्टरमधून बाहेर आलं.

११. घरी काय पाहायचं? कधी तातडीने यायचं?

बोटं पाहा. सगळी बोटं दिसायला हवीत, गुलाबी आणि कोमट. एक बोट दाबून सोडलं की ते पांढरं पडून दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं निळसर, गार किंवा खूप सुजलेली असतील, बाळ दूध पिऊनही शांत होत नसेल किंवा प्लास्टरमधून घाण वास येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

आणखी एक खूण लोक हमखास दुर्लक्षित करतात: काल दिसणारी बोटं आज आत गेली. म्हणजे पाय वाढला नाही, प्लास्टर घसरलंय. घसरलेलं प्लास्टर पाऊल चुकीच्या जागी दाबतं, कातडी सोलतं आणि साधा क्लबफूट बिघडवू शकतं. ते त्याच दिवशी काढून घ्यायला हवं, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये. प्लास्टर लावल्या दिवशीच बोटांचा फोटो काढून ठेवला तर तुलना सोपी जाते.

१२. दीड महिन्याची लस मांडीत द्यायची असते. प्लास्टर आहे, मग?

लस पुढे ढकलू नका. एकाच पायाला प्लास्टर असेल तर मोकळ्या मांडीत देतात. एकाच मांडीत दोन इंजेक्शनं द्यायची तर त्यांत इंचभर अंतर ठेवतात. दोन्ही पायांना असेल तर लसीचा दिवस प्लास्टर बदलण्याच्या दिवसाशी जुळवून घ्या, जुनं काढल्यावर आणि नवं लावण्याआधी. नर्सताई आणि प्लास्टरवाले डॉक्टर दोघांनाही आदल्या आठवड्यात सांगून ठेवा.

१३. पाऊल आता छान सरळ आहे. मग दांडीने जोडलेले बूट चार वर्षं कशाला? बाळ रडतं.

कारण पाऊल सरळ झालं तरी ते आत वळवणारी ओढ गेलेली नाही, आणि वाढीच्या वयात ती टिकून राहते. पुन्हा वाकड्या झालेल्या पायांचं सर्वांत मोठं कारण बूट सोडणं हेच आहे.

शेवटचं प्लास्टर निघतं त्याच दिवशी बूट चढतात. वाकडा होता तो पाय ६० ते ७० अंश बाहेर, चांगला पाय ३० ते ४०, दोन टाचांमधलं अंतर खांद्यांच्या रुंदीएवढं. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, म्हणजे आंघोळीपुरते काढायचे. नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून १२ ते १४ तास, चार ते पाच वर्षांपर्यंत.

पहिले काही दिवस बाळ रडतं, कारण पाय सुटे हलवता येत नाहीत. दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवा आणि सोडा, खेळल्यासारखं. एकत्र लाथा मारता येतात हे कळलं की रडणं कमी होतं. लालसर खूण चालते, पण टाचेवर फोड आला तर टाच बुटात वर सरकतेय. मधला पट्टा सैल करण्याऐवजी घट्ट करायचा असतो. बाळाने बूट फेकून दिला की चूक बाळाची समजू नका. पाऊल पुन्हा आखडू लागलंय का, हे आधी तपासून घ्या.

परत वाकडं होताना बहुधा आधी घोटा आखडतो. चालणारं मूल उकिडवं बसलं की एका पायाची टाच उचलते, किंवा चालताना पावलाची बाहेरची कड टेकते. तेवढ्यात आलात तर पुन्हा दोन-तीन प्लास्टरांत काम भागतं. तीनेक वर्षांनंतर पाऊल चालताना सतत आत वळत असेल तर नडगीच्या पुढच्या स्नायूची शीर पावलाच्या मधोमध सरकवण्याची शस्त्रक्रिया करतात.

१४. आमच्या बाळाचं वेगळं आहे: अंगठा आखूड आणि वर वळलेला, तळव्याला आडवी खोल घडी, प्लास्टर दर वेळी घसरतं. शिवाय पाठीवर गाठ आहे. हीच पद्धत चालेल?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आखूड, गुबगुबीत पाऊल, तळव्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घडी आणि वर वळलेला अंगठा, हा क्लबफूटचा अवघड प्रकार. काही जन्मतः असे असतात, काही घसरलेल्या प्लास्टरमुळे होतात. इथे पाचही बोटांमागची हाडं खाली झुकलेली असतात. नेहमीसारखं ६०-७० अंश बाहेर नेत राहिलं तर घोट्यात काही सुधारत नाही, चवडाच तेवढा वाकत जातो. म्हणून साधारण ४० अंशांवर थांबतात, मग दोन्ही अंगठ्यांनी सगळा चवडा एकत्र वर उचलतात, आणि प्लास्टर घसरू नये म्हणून गुडघा काटकोनाहून जास्त, ११० अंशांपर्यंत दुमडतात. बूटही ४० अंशांवर लावतात. सूज असेल तर आधी एक-दोन आठवडे पाय मोकळा ठेवलेला बरा.

पाठीवरची गाठ, केसांचा पुंजका किंवा खळगा म्हणजे मज्जारज्जूचा दोष असू शकतो. सांधे सगळीकडेच आखडलेले असतील तर तोही वेगळा आजार. या बाळांनाही प्लास्टरच आधी लावतात, पण जास्त लागतात आणि पाय पुन्हा वाकडा होण्याची शक्यता अधिक असते. मज्जारज्जूच्या दोषात पायाला स्पर्श कळत नसेल तर बाळ दुखलं म्हणून रडणार नाही. तिथे कापूस जास्त घालावा लागतो आणि कातडी दर वेळी बारकाईने पाहावी लागते.

चालायला लागल्यावर आलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांनाही क्रम हाच. एका प्लास्टरचा काळ एकाऐवजी दोन आठवडे, दर वेळी हात फिरवणं जास्त वेळ, आणि पाऊल बाहेर येण्याची मर्यादा थोडी कमी. ‘वय गेलं, आता मोठी शस्त्रक्रियाच’ असं कोणी सांगितलं असेल, तर ती करण्याआधी पोन्सेटी पद्धतीने काम करणाऱ्या एका डॉक्टरांना पाऊल नक्की दाखवा.